सतरंजीवरून खुर्च्यांवर

“वाड्यातून कोथरूडला गेलात ते समजलं, पण दर महिन्याला ‘कुठवर वाचलंत, येणार का’ हे कशासाठी विचारता? आम्ही काय शाळेत आहोत का?”

शाळेचा संबंध नाही, खोलीचा आहे. आपला वाचनगट दर महिन्याला एका कादंबरीवर बोलायला सदाशिव पेठेतल्या वाड्यात जमायचा, तेव्हा माणसे वाढली की शेजारून दुसरी सतरंजी यायची, कमी झाली की पहिलीच अर्धी दुमडली जायची, आणि चर्चा रंगली तर नऊ वाजले तरी कोणी उठा म्हणायचे नाही. कितीजण येणार आणि किती वाचून येणार, ही दोन्ही अनिश्चितता तो वाडा निमूटपणे पोटात घालत होता, आणि म्हणूनच अकरा वर्षांत मला यातले काही विचारावे लागले नाही. वाडा पाडायला घेतल्यावर आपण आयडियल कॉलनीच्या मेट्रो स्थानकाजवळ जी जागा घेतली, तिथे एक बारा खुर्च्यांची खोली आहे आणि एक तीस खुर्च्यांची. मोठीचे भाडे लहानीच्या दुपटीहून जास्त आहे. कोणती हवी ते गुरुवारी सायंकाळपर्यंत कळवावे लागते. शनिवारी पाच वाजता दार उघडते आणि सात वाजता रखवालदार किल्ली घेऊन दाराशी उभा राहतो.

हे तुम्हांला ठाऊक आहे, तरी प्रश्न येतोच. तेव्हा जे आजवर कोणालाच सविस्तर सांगितले नाही ते आता सांगते.

जागा बदलल्याचा पहिला निरोप मी लिहिला तेव्हा मला वाड्याचा निरोप नीट घ्यायचा होता. पहिल्या परिच्छेदात आठवणी होत्या, दुसऱ्यात त्या महिन्याच्या कादंबरीविषयी चार शब्द होते, “नेहमीप्रमाणे तिसऱ्या शनिवारी पाच वाजता भेटू” हे वाक्यही तिथेच होते, आणि नवा पत्ता तिसऱ्या परिच्छेदात होता. लांब निरोप फोनवर पूर्ण दिसत नाही. काही ओळींनंतर ‘आणखी वाचा’ असे येते. पत्ता त्याच्या पलीकडे राहिला. त्या निरोपावर एकोणीस अंगठे आले. मी ते एकोणीस होकार समजले आणि तीस खुर्च्यांची खोली सांगून टाकली. अंगठा म्हणजे ‘येतो’, की ‘वाचले’, की नुसतेच ‘छान लिहिलेत’, हे विचारावे असे मला सुचले नाही.

शनिवारी आम्ही नऊजण होतो. रिकाम्या एकवीस खुर्च्यांचे मला तितके वाईट वाटले नाही, कारण बाहेर जुलैचा पाऊस होता आणि पावसाने माणसे अडकतात हे आपण गृहीत धरतो. साडेपाचच्या सुमारास माझा फोन वाजला. काकूंचा होता. आपल्यात सर्वांत ज्येष्ठ त्या. अकरा वर्षांत त्यांनी दोन बैठका चुकवल्या असतील. त्यांनी विचारले, “अगं, दिंडी दरवाजाला कुलूप आहे. तुम्ही सगळे मागच्या बाजूने आत गेलात का?”

त्या अर्धा तास वाड्याच्या पायरीवर उभ्या होत्या. छत्री होती, पण कादंबरी भिजू नये म्हणून त्यांनी ती पिशवीसकट पदराखाली धरली होती आणि छत्रीचा कल त्या बाजूला ठेवल्यामुळे उजवा खांदा पूर्ण भिजला होता. हे मला त्यांनी सांगितले नाही. रिक्षाने मी तिथे पोहोचले तेव्हा पाहिले. पिशवीत कादंबरीबरोबर वहीचे एक पान होते, त्यावर प्रकरणवार टिपणे होती, चौतिसाव्या प्रकरणापर्यंत. आमच्या खोलीत त्या वेळी बसलेल्या नऊजणांपैकी कादंबरी संपवलेले तिघे होते.

त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. “निरोप माझ्याकडूनच नीट वाचला गेला नाही,” असे त्या म्हणाल्या. ते खरे नाही. मी त्यांना मोजलेच नव्हते. त्या येणारच, असे धरून चालले होते. त्यांचा अंगठा त्या एकोणिसांत नव्हता, त्यांचे काहीच उत्तर आलेले नव्हते, आणि तरीही माझ्या मनातल्या यादीत त्यांचे नाव पहिले होते. उत्तर मागितले असते आणि त्यांचे आले नसते, तर मी फोन केला असता. एका फोनचे काम होते.

त्याच संध्याकाळी दुसरी गोष्टही बिघडली होती, ती मला नंतर समजली. मी निघाल्यावर, सातला उठायचे आहे म्हणून, चर्चा थेट शेवटच्या प्रकरणांवर गेली. नवव्या प्रकरणापर्यंत आलेल्या एका सदस्येला कादंबरीतला मृत्यू तिथेच कळला. वाड्यात असे होत नसे, कारण तिथे शेवटावर यायला आठ वाजायचे आणि न वाचलेले तोवर चहा पिऊन निघून जायचे. दोन तासांत ती चाळणी आपोआप लागत नाही. म्हणून आता पहिले पाऊण तास आपण जिथवर बहुतेकांचे वाचून झाले आहे तिथपर्यंतच बोलतो, मग दहा मिनिटे थांबतो, आणि उरलेल्या वेळात शेवट घेतो. ही रेघ कोणत्या प्रकरणावर ओढायची, हे तुमच्या उत्तरांवरून ठरते. पान नको, प्रकरण सांगा, असे मी म्हणते ते याचसाठी: आवृत्ती बदलली की पाने बदलतात, आणि फोनवर वाचणाऱ्यांना तर अनेकदा पानाऐवजी टक्केच दिसतात.

आताचा निरोप असा असतो:

“जागा: कोथरूड, आयडियल कॉलनी मेट्रोजवळ. वाड्यात येऊ नये. मंडईहून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात वनाझची गाडी घ्यावी. शनिवार, ५ ते ७. गुरुवारी दुपारपर्यंत दोनच गोष्टी लिहा: येणार किंवा नाही, आणि कितवे प्रकरण.”

यात जिव्हाळा नाही, ही तक्रार मला मान्य आहे. पहिला निरोप जिव्हाळ्याचा होता.

तरीही तुमच्या रागात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. प्रकरण विचारू लागल्यापासून दोघांनी येणे थांबवले. त्यांतल्या एकीने मला स्पष्ट सांगितले की “प्रकरण चार” असे सगळ्यांसमोर लिहिण्यापेक्षा न येणे बरे वाटते. मी तिला म्हटले की मला एकटीला लिही. तिने लिहिलेही, पण ती आली नाही. वाड्यात ती कोपऱ्यात बसून नुसती ऐकायची आणि त्यात काहीच कमी नव्हते. तिच्यासाठी मी काय बदलावे हे मला अजून सुचलेले नाही. उत्तर न देणाऱ्याला ‘नाही’ समजावे, की फोन करावा, यावरही माझे मत दर महिन्याला बदलते. फोन केला की काहींना तो तगादा वाटतो, आणि नाही केला तर मला ती पायरी दिसते.

या महिन्यात आतापर्यंत अकरा होकार आहेत. बारावा आला तर लहान खोली भरते, तेरावा आला तर मोठी घ्यावी लागते, आणि सहाजणांचे उत्तर यायचे आहे. रेघ सध्या सोळाव्या प्रकरणावर आहे. काकूंच्या नावापुढची जागा रिकामी आहे. त्यांना मी गुरुवारची वाट न पाहता आज संध्याकाळीच फोन करणार आहे. बाकीच्या पाचजणांनी कृपया लिहावे.