इलॅस्टिसिटी आणि मोनोपॉली हे दोन चॅप्टर मी एकत्र कसे केले, मॅनेजरियल इकॉनॉमिक्सच्या क्विझचा माझा अनुभव

आमच्या मॅनेजरियल इकॉनॉमिक्सच्या क्विझमध्ये एक गोष्ट पहिल्यापासून जाणवत होती, प्राइस इलॅस्टिसिटीवर पाच प्रश्न, मार्केट स्ट्रक्चरवर पाच प्रश्न असं वरून दिसायचं पण अवघड प्रश्न हे कायम दोन्हींच्या मधले असायचे. म्हणून मी एकच डिमांड कर्व्ह घेतला, P = 100 − 2Q, आणि सगळे प्रश्न त्याच्यावरच घासून बघितले. तेच इथे सांगतो.

आधी इलॅस्टिसिटी. किंमत 40 असताना मागणी 30, किंमत 60 झाली की मागणी 20. आता किंमत 50 टक्के वाढली, मागणी 33.3 टक्के घटली, म्हणजे उत्तर साधारण 0.67, इनइलॅस्टिक. तेच उलटं करा, 60 वरून 40 ला या, किंमत 33.3 टक्के कमी आणि मागणी 50 टक्के जास्त, उत्तर 1.5, म्हणजे इलॅस्टिक! बिंदू तेच दोन, उत्तरं दोन वेगळी. म्हणून तर मिडपॉइंट पद्धत वापरतात, मागणीतला फरक 10 भागिले सरासरी 25, किंमतीतला फरक 20 भागिले सरासरी 50, दोन्हीकडे 40 टक्के, उत्तर बरोबर 1. आणि हे खरं आहे का ते ताबडतोब तपासता येतं कारण 40 × 30 पण 1200 आणि 60 × 20 पण 1200, रेव्हेन्यू हलला नाही म्हणजे इलॅस्टिसिटी 1च. (चिन्ह उणे असतं, पण क्विझमध्ये बहुतेक वेळा नुसता आकडाच धरतात, प्रश्न नीट वाचा.)

आता याच कर्व्हवर मोनोपॉली बसवू. प्रत्येक नगाचा मार्जिनल कॉस्ट 20 धरा, फिक्स्ड कॉस्ट नाही. मार्जिनल रेव्हेन्यू होतो 100 − 4Q, तो 20 ला टेकवला की Q = 20, आणि किंमत डिमांड कर्व्हवरून 60. नफा 1200 − 400 = 800. इथे पर्यायांमध्ये 50 ही किंमत हमखास ठेवलेली असते, कारण त्या किंमतीला रेव्हेन्यू सगळ्यात जास्त म्हणजे 1250 येतो, पण 25 नगांचा खर्च 500, नफा 750च. मोनोपॉलीवाला रेव्हेन्यूच्या मागे नसतो, नफ्याच्या मागे असतो. खर्च शून्य असेल तरच दोन्ही उत्तरं एक होतात.

60 या किंमतीला इलॅस्टिसिटी काढली तर ½ × 60/20 = 1.5. आणि लर्नर इंडेक्स, म्हणजे किंमत वजा मार्जिनल कॉस्ट भागिले किंमत, 40/60, दोन तृतीयांश, बरोबर 1/1.5! हे जुळलं तेव्हा मला खरंच भारी वाटलं, दोन चॅप्टर वेगळे नाहीतच. यातूनच तो नेहमीचा प्रश्न सुटतो की मोनोपॉलीवाल्याच्या मालाची इलॅस्टिसिटी आत्ता 0.8 आहे, त्याने काय करावं? किंमत वाढवावी. मागणी कमी पडेल पण रेव्हेन्यू वाढेल आणि कमी माल बनवायचा म्हणून खर्चही घटेल, म्हणजे दोन्ही बाजूंनी फायदा. त्यामुळे नफा पूर्ण काढणारा मोनोपॉलीवाला इनइलॅस्टिक भागात थांबूच शकत नाही.

ऑलिगोपॉलीला मात्र गणित बदलतं कारण तुमची मागणी समोरच्या कंपन्या काय करतात त्यावर ठरते. पॉल स्विझीने 1939 मध्ये मांडलेला किंक्ड डिमांड कर्व्ह क्विझमध्ये खूप येतो. किंमत वाढवली तर बाकीचे वाढवत नाहीत, गिऱ्हाईक तिकडे जातं, कमी केली तर सगळेच कमी करतात. आपल्याच कर्व्हला 60 वर किंक देऊ, खाली P = 100 − 2Q तसाच आणि वरच्या बाजूला P = 80 − Q. Q = 20 ला वरचा मार्जिनल रेव्हेन्यू 40, खालचा 20. मधे मोकळी जागा. म्हणजे मार्जिनल कॉस्ट 20 ते 40 मध्ये कुठेही हलला तरी किंमत 60 च राहते, प्राइस रिजिडिटी ती हीच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, बऱ्याच नोट्समध्ये सरळ लिहिलेलं असतं की किंकच्या वर इलॅस्टिक, खाली इनइलॅस्टिक. आपल्या उदाहरणात वर 3 आहे आणि खाली 1.5, म्हणजे खालचा भाग किंकजवळ फक्त 'कमी इलॅस्टिक' आहे. पर्यायात 'तुलनेने' असा शब्द असेल तर मी डोळे झाकून तोच निवडायचो. आणि हे मॉडेल किंमत 60 वर का टिकते ते सांगतं, मुळात 60 आली कुठून ते सांगत नाही, त्यावरही एक खरं-खोटं प्रश्न येतोच.