रात्रगाडी, व्हिएन्ना ते फ्लॉरेन्स: आमचा डबा आणि आमचं स्टेशन

आमच्या फोंड्यातल्या शेजारच्या दोघी मुली यंदा याच गाडीने जाणार आहेत. त्यांना तोंडी सांगून झालं, पण दोन गोष्टी अशा आहेत की त्या सावकाश सांगितल्याशिवाय नीट कळत नाहीत. म्हणून लिहून काढते.

माझा धाकटा भाऊ फ्लॉरेन्सला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन त्याच्याकडे गेले. विमानाचं तिकीट व्हिएन्नापर्यंतचं स्वस्त मिळालं आणि तिथून पुढे रोमला जाणारी रात्रगाडी होती. ती फ्लॉरेन्सला सकाळी सहानंतर थोड्याच वेळात पोचते. हॉटेलची एक रात्र वाचते, हा हिशेब होताच. पण आईला विमानापेक्षा रेल्वे बरी वाटते, हे खरं कारण.

या गाडीत बसायच्या सीटा असतात, बंद खोलीसारखे महागडे स्लीपर असतात आणि मधल्या दराचा कुशेट असतो. कुशेट म्हणजे आपल्या थ्री-टिअरसारखाच, फक्त प्रत्येक कंपार्टमेंटला दार आणि आतून कडी. एका कंपार्टमेंटमध्ये सहा बर्थ, दोन्ही बाजूंना तीन-तीन. थोडे जास्त पैसे भरले तर तोच कंपार्टमेंट चार जणांचा म्हणून मिळतो. तेव्हा मधले बर्थ वापरत नाहीत आणि खालच्या बर्थवर मान ताठ ठेवून बसता येतं. आईच्या गुडघ्यांना शिडी झेपणार नव्हती, म्हणून बुकिंग करतानाच खालचा बर्थ मागितला आणि फक्त बायकांसाठीचा कंपार्टमेंट निवडला. चादर, उशी, ब्लँकेट आणि पाण्याची बाटली गाडीतच मिळते. अंघोळीची सोय नाही. संडास आणि हात-तोंड धुवायची जागा डब्याच्या टोकाला.

आता पहिली गोष्ट, डबा.

कोकण रेल्वेवर आपण करमळीला किंवा मडगावला उभे राहिलो की कोच पोझिशन बघतो. समजा चुकून दुसऱ्या डब्यात चढलो, तरी आतून चालत आपल्या जागेवर जातो. गाडी एकच, सगळे डबे मुंबईलाच जाणार. त्या रात्रगाडीचं तसं नाही. व्हिएन्नाहून निघणाऱ्या त्या गाडीत काही डबे रोमचे होते आणि काही मिलानचे. ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला फिलाख नावाचं जंक्शन आहे. तिथे मध्यरात्रीच्या सुमारास गाडी तोडतात, म्युनिकहून आलेल्या गाडीचे डबे आणि हिचे डबे आपसात जोडतात, आणि मग एक गाडी रोमला जाते, एक मिलानला. आपण झोपेत असतो आणि आपला डबा जिकडे जाईल तिकडे आपण जातो. म्हणून तिकिटावर गाडीच्या नंबरपेक्षा महत्त्वाचा आकडा म्हणजे वॅगनचा नंबर. तो वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आम्ही व्हिएन्नाच्या मुख्य स्टेशनवर, म्हणजे Wien Hbf वर, तासभर आधी पोचलो. प्लॅटफॉर्मचे भाग पाडलेले असतात आणि डोक्यावर A, B, C अशा अक्षरांच्या पाट्या असतात. स्क्रीनवर गाडीचं चित्र येतं, त्यात कुठला डबा कुठल्या अक्षराखाली थांबणार ते दाखवतात. मी ते पाहिलं, वॅगनचा नंबर जुळवला, अक्षर लक्षात ठेवलं आणि आईला बाकावर बसवलं. मग पाणी आणायला गेले. परत येईपर्यंत गाडी लागली होती आणि समोर कुशेटचा डबा उभा होता. मला वाटलं, हाच. दोन बॅगा वर चढवल्या. आई मात्र खालीच उभी राहिली. दाराशेजारची पाटी ती बोट लावून वाचत होती.

"अगो, ह्यावर मिलानो लिहिलंय. आपल्याला रोमाच्या डब्यात बसायचंय ना?"

तिचं बरोबर होतं. पाटीवर वरपासून खालपर्यंत वाटेतली गावं लिहिलेली होती आणि त्यात फ्लॉरेन्स नव्हतंच. मी बॅगा उतरवल्या. आमचा डबा अजून तीन डबे पुढे होता. त्याच्या पाटीवर Roma Termini होतं आणि त्याच्या वर Firenze.

तेव्हा दाराशी तीन गोष्टी जुळवून मगच बॅग उचला: वॅगनचा नंबर, शेवटच्या स्टेशनचं नाव, आणि मधल्या गावांत आपलं गाव. नुसता नंबर पाहिला तर घाईत 3 चा 8 वाचला जातो. नावं तिथल्या भाषेत असतात, हेही ध्यानात ठेवा. व्हिएन्नाचं Wien, म्युनिकचं München, मिलानचं Milano, फ्लॉरेन्सचं Firenze. जर्मन बोलणारा अटेंडंट त्यालाच फ्लोरेन्त्स म्हणतो. एका गावाची ही तीन नावं आधीच पाठ असली की गोंधळ होत नाही.

घाईत चुकीच्या डब्यात चढलातच तर घाबरायचं कारण नाही. फिलाख येईपर्यंत डबे आतून जोडलेले असतात, बोळातून चालत आपल्या डब्यात जाता येतं. पण बोळ इतका अरुंद की समोरून माणूस आला तर बॅग डोक्यावर घ्यावी लागते. आणि फिलाखनंतर तो रस्ताच राहत नाही.

अटेंडंटने तिकीट पाहिलं, आम्ही कुठे उतरणार ते आपल्या कागदावर टिपलं आणि चहा हवा की कॉफी ते विचारलं. सकाळचा नाश्ता तिकिटात धरलेला असतो: दोन पाव, लोणी, जॅम आणि गरम काहीतरी. आईने पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली होती, तीच आम्ही रात्री खाल्ली. सोबतच्या दोघी कॉलेजच्या मुली होत्या, त्यांनीही एकेक पोळी घेतली. बाहेर अजून उजेड होता. सेमरिंगचा घाट 1854 साली सुरू झालेला, दगडी कमानींच्या पुलांवरून वळणं घेत जाणारा. आई खिडकीला नाक लावून बसली आणि कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतच्या आपल्या घाटाशी एकेक वळण जुळवत राहिली.

झोपताना दाराची कडी लावली. तिच्यावर आणखी एक खिट्टी असते, तीही लावली. पासपोर्ट आणि पैसे उशीखाली. मध्यरात्री धक्का बसून जाग आली. दिवे गेलेले, पंख्याचा आवाज बंद, गाडी स्तब्ध, बाहेर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. इंजिन सोडलं की डब्याची वीज काही वेळ जाते, त्यामुळे असं होतं. हेच फिलाख. आईला हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून ती कूस बदलून पुन्हा झोपली.

दुसरी गोष्ट, उतरणं.

फ्लॉरेन्सचं सगळ्यांना माहीत असलेलं स्टेशन म्हणजे सांता मारिया नोव्हेला, शहराच्या अगदी मध्यात. आमची गाडी तिथे जाणार नव्हती. ते टोकाचं स्टेशन आहे, रूळ तिथे संपतात. तिथे गेलेल्या गाडीला रोमकडे निघायचं तर उलटं फिरावं लागतं. म्हणून ही गाडी शहराला वळसा घालते आणि पूर्वेकडच्या काम्पो दी मार्ते स्टेशनवर थांबते. भावाने फोनवर तीनदा बजावलं होतं, "ताई, मोठ्या स्टेशनची वाट बघत बसू नकोस. पुढचा थांबा फार लांब आहे."

अटेंडंट उतरण्याआधी अर्धा तास उठवतो. तरी मी पाचचा गजर लावला होता. गजर एकट्यावर सोडून चालत नाही, कारण गाडी मागेपुढे होऊ शकते. मग गाडी कुठे आहे हे ओळखायचं कसं? मी नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेतला होता. इंटरनेट नसलं तरी फोन खिडकीशी धरला की निळा ठिपका आपली जागा दाखवतो. पण त्याहून पक्की खूण जमिनीवरच आहे. बोलोन्या गेलं की डोंगर सुरू होतात आणि एक लांबच लांब बोगदा येतो, 18 किलोमीटरहून जास्त. रत्नागिरीजवळचा आपला करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, म्हणजे त्याच्या जवळजवळ तिप्पट. 1934 साली ही लाइन सुरू झाली तेव्हापासूनचा. बोगद्यात ठिपका गोठून बसतो, कानात दडे बसतात, आणि काळोख संपतच नाही असं वाटतं.

तो बोगदा सुरू झाला तेव्हा आईचे केस विंचरून झाले होते आणि चादरी घडी घालून ठेवल्या होत्या. बोगदा संपला तेव्हा डोंगराच्या कडेला फिकट उजेड आला होता. त्यानंतर Prato ची पाटी मागे गेली. मी बॅगा बोळात काढल्या. प्रातो ते फ्लॉरेन्स हे अंतर फारच थोडं आहे, तेवढ्यात बूट शोधायला वेळ मिळत नाही. मग Rifredi नावाचं छोटं स्टेशन. हेही फ्लॉरेन्समध्येच, आणि तिथे आई उठून उभी राहिली होती. तिला थांबवलं. गाडी डावीकडे वळून शहराच्या कडेने सावकाश निघाली, घरांच्या गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे दिसले. मी दाराशी जाऊन उभी राहिले. दार आपोआप उघडेल म्हणून थांबायचं नाही, ते आपण उघडायचं असतं. आमच्या डब्याला हँडल होतं. कसं फिरवायचं ते मी रात्रीच अटेंडंटला विचारून घेतलं होतं.

पाटीवर Firenze आणि पुढे Marte ही दोन्ही अक्षरं दिसली, तेव्हाच हँडल फिरवलं. आधी मी उतरले, मग बॅगा, मग आई. पायरी उंच आहे, म्हणून ती पाठमोरी, दांडा धरून उतरली.

भाऊ प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला उभा होता आणि धावत आला. आईने त्याच्या गालांवरून हात फिरवला आणि तो वाळलाय असं म्हणाली. आमची गाडी रोमकडे निघून गेली. शहराच्या मध्यात जायला इथून लोकल मिळते, पाच-दहा मिनिटांचा रस्ता. त्याने आमची कागदी तिकिटं आधीच काढली होती. प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या यंत्रात एकेक तिकीट घालून त्यावर वेळेचा छाप मारून घेतला. तो छाप नसला तर तिकीट असूनही दंड होतो. मग बॅगा उचलून तो पुढे झाला आणि आम्ही दोघी त्याच्या मागून जिना उतरलो.