मेंटेनन्सचे चार तास आणि प्रॉडक्शनचे सहा तास

आमच्याकडे इंजेक्शन मोल्डिंग मशीन तीन शिफ्टमध्ये चालतात, रविवार बंद. मेंटेनन्स प्लॅनिंग माझ्याकडे आलं तेव्हा एका मशीनचं महिन्याचं पीएम, म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, फिटरच्या वहीत चार तास लिहिलेलं असायचं आणि प्रॉडक्शनवाले म्हणायचे सहा तास गेले. दोघंही खरंच बोलत होते. फिटर पाना हातात घेतल्यापासून मोजायचा, प्रॉडक्शन शेवटच्या चांगल्या पीसपासून पुढच्या चांगल्या पीसपर्यंत, त्यात प्लास्टिक वितळवणारा बॅरल परत तापायला दीड तास आणि सेटिंगच्या रिजेक्शनमध्ये अर्धा. मी दुसरा हिशोब धरला.

मग त्या चार तासांतली कामं फिटरसोबत बसून वेगळी केली. ऑइल सॅम्पल, पॅनलचं टेंपरेचर बघणं, लीकेज तपासणं ही चाळीसेक मिनिटांची कामं चालू मशीनवर होतात, त्यासाठी थांबायचंच कशाला? टॉगलचं ग्रीसिंग, टाय बार पुसणं, लिमिट स्विच, याला मशीन बंद लागतं पण बॅरल गरम असला तरी चालतं, हे एक तास वीस मिनिटं. आणि नोझल, हीटर बँड, चेक रिंग यांना बॅरल थंडच हवा, ते दोन तास.

रविवारी फिटर मोजकेच असतात, म्हणून रविवार फक्त थंड कामांना ठेवला. सोमवारी सहाची शिफ्ट, तर नाईटचा इलेक्ट्रिशियन चारलाच हीटर लावतो. मधली गरम कामं तीन मोल्ड चेंजमध्ये वाटली. जुना मोल्ड उतरला की नवा चढायच्या आधी फिटर आत जातो, सेटर तेवढ्यात बाहेर नव्या मोल्डचे पाण्याचे पाईप जोडून तपासतो, त्यामुळे प्रत्येक चेंज फार तर पंधरा मिनिटं लांबतो. म्हणजे महिन्याला मशीनमागे सहा तासांऐवजी पाऊण तास. सोमवारचं सुरुवातीचं रिजेक्शन तसंही होतंच, ते यात धरलं नाही.

पण हे सगळीकडे नाही चालत. पीपी प्लास्टिक गरम बॅरलमध्ये टेंपरेचर उतरवून थोडा वेळ राहू शकतं, पीव्हीसी जळतं, तिथे आधी पर्ज करून बॅरलमधून ते काढावंच लागतं. आणि फिटर आत असताना त्याचं स्वतःचं कुलूप मेन स्विचवर, चावी त्याच्याच खिशात, सेटर कितीही घाईत असला तरी, यावर मी अजिबात तडजोड करत नाही.

सगळ्यात जास्त भांडण झालं ते वेळेवरून. एक काम लांबलं की पुढची अख्खी शिफ्ट बसून राहते, म्हणून आता कव्हर ठरलेल्या वेळेपर्यंत उघडलं नसेल तर उघडायचंच नाही, काम पुढच्या मोल्ड चेंजला ढकलायचं. पण एकदाच. दुसऱ्यांदा ढकलायची वेळ आली तर प्रॉडक्शन मॅनेजरची सही लागते, आणि त्या सहीसाठी जायचं म्हटलं की बहुतेक वेळा मशीन मिळतंच.