नोटिशीची धार

"इंग्रजी नोटीस मराठीत आणताना तुम्ही ती थोडी मवाळ का करत नाही? वाचणाऱ्याला धक्का बसतो, आणि शब्द तर तुमच्याच हातात असतात ना?"

ज्यांच्या घरी नोटीस येते ते असे विचारतात. नोटीस पाठवणारे नेमके उलटे विचारतात: मराठीत एवढी मिळमिळीत कशी झाली, जरा दम भरा की. दोघांनाही मी आजवर तुटक उत्तरे दिली, त्यामुळे माझी ओळख एक कोरडी बाई अशी झाली आहे. ती मला मान्य नाही. पूर्ण खोटी आहे असेही म्हणवत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते, आणि माझ्याकडे सर्वांत जास्त येणाऱ्या नोटिशीपुरतेच लिहिते, म्हणजे चेक न वटल्यावर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली येणाऱ्या नोटिशीपुरते.

या नोटिशीत दोन गोष्टी सांगितलेल्या असतात आणि त्या एका पातळीवरच्या नसतात. पहिली अशी की, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत चेकची रक्कम दिली नाही तर माझे अशील फौजदारी तक्रार दाखल करतील. हे निश्चित म्हणून सांगितलेले असते. दुसरी अशी की, गुन्हा शाबीत झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ही शक्यता आहे, आणि ती न्यायालयाच्या हातातली आहे. नोटिशीचा सारा कठोरपणा या दोन विधानांमधल्या अंतरात असतो. मवाळ करणारा दोन्हीकडे "होऊ शकते" लिहितो, म्हणजे तक्रारसुद्धा एक शक्यता होऊन बसते. भडक करणारा दोन्हीकडे "होईल" लिहितो, म्हणजे न्यायाधीशाने अजून न पाहिलेल्या प्रकरणात माणूस तुरुंगात जाऊन पोहोचतो. दोघांनाही वाटते की आपण फक्त सूर बदलला. प्रत्यक्षात दोघांनी मजकूर बदललेला असतो.

मलाही पूर्वी सूर म्हणजे विशेषणे वाटत. "हेतुपुरस्सर", "बेजबाबदारपणे" असले शब्द कमी-जास्त केले की पत्र नरम किंवा गरम होते, अशी माझी समजूत होती, आणि त्या काळातली मी आजच्या मला हेकट म्हणाली असती. ती समजूत ज्या प्रकरणात गेली ते सांगते.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कोंबडीखाद्याचे दुकान चालवणारे एक वयस्कर गृहस्थ होते. गाव त्यांना आबा म्हणे. पुण्याच्या पुरवठादाराला त्यांनी दिलेला २,७५,००० रुपयांचा चेक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याच्या शेऱ्यासह परत आला, आणि पुरवठादाराच्या वकिलांनी रजिस्टर पोस्टाने इंग्रजी नोटीस पाठवली. महिन्याच्या ४ तारखेला आबांनी पोचपावतीवर सही केली. त्यांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून त्यांनी ती शेजारच्या निवृत्त गुरुजींना दाखवली. गुरुजी भला माणूस. त्यांनी तोंडी सांगितले ते साधारण असे: "आबा, पैशाची आठवण करून दिली आहे. सवडीने द्या म्हणतायत. नाहीतर कोर्टात जाऊ शकतात, पण वकील असं लिहितातच." आबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली होती आणि गुरुजींना ते ठाऊक होते. त्या सांगण्यामागची माया मला तेव्हाही कळत होती, आजही कळते.

नोटीस माझ्याकडे आली ती १३ तारखेला, आबांच्या मुलाबरोबर. तोही कुणी काही कायदेशीर सुचवले म्हणून आला नव्हता. पुरवठादाराच्या माणसाने फोनवर "मुदत संपत आली" असे म्हटले, आणि मुदत कसली ते कोणालाच समजेना, म्हणून तो आला. मिळाल्याचा दिवस सोडून मोजले तर ५ तारखेपासून १९ तारखेपर्यंत १५ दिवस होतात. म्हणजे हातात सहा दिवस उरले होते आणि नऊ दिवस "सवडीने" या एका शब्दात गेले होते, जो मूळ नोटिशीत कुठेही नव्हता.

मुलगा म्हणाला, "ताई, आबांची बायपास झालीये. लिहा सगळं, पण जरा हळुवार लिहा. घरचं माणूस बोलल्यासारखं." मी त्याला सांगितले की हे पत्र घरच्या माणसाने लिहिलेले नाही आणि ते तसे वाटले तर आबा त्याला घरच्या माणसाला देतात तसेच उत्तर देतील, म्हणजे थांबा म्हणतील. त्याला हे आवडले नाही. मी जे लिहून दिले त्यातला मुख्य परिच्छेद असा होता: "तरी सदर नोटिशीद्वारे तुम्हांस कळविण्यात येते की, ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेकची रक्कम रुपये २,७५,००० माझ्या अशिलांस अदा करावी. तसे न केल्यास माझ्या अशिलांना तुमच्याविरुद्ध कलम १३८ अन्वये फौजदारी तक्रार दाखल करणे भाग पडेल, आणि त्याच्या खर्चाची व परिणामांची सर्वस्वी जबाबदारी तुमच्यावर राहील." शिक्षेचे वाक्य मी मुळाप्रमाणे वेगळे ठेवले आणि त्यात "होऊ शकतो" ठेवले. "अदा करावी" याच्या आधी "कृपया" घातले नाही, कारण मुळात ते नव्हते. आणि "करावी" च्या जागी "करा" ही लिहिले नाही, कारण वकील दरडावत नव्हते, मुदत आणि परिणाम सांगून मागणी करत होते. या जागी मराठीतला विध्यर्थ पुरेसा ठाम असतो, मात्र त्याच्या शेजारी मुदत असली पाहिजे. मुदत काढली तर तेच क्रियापद सल्ला वाटू लागते.

आबांनी तो कागद माझ्यासमोर वाचला. हात थरथरले, हे मी लपवत नाही. मुलाने माझ्याकडे पाहिले त्या नजरेत सगळा आरोप होता. आबांनी एवढेच विचारले, "हे पंधरा दिवस कुठनं धरायचे?" मी १९ तारीख सांगितली, आणि साताऱ्याला वकिलांकडे आजच जा असेही सांगितले.

ते गेले नाहीत. घाबरून त्यांनी इकडून तिकडून जमवलेले १,५०,००० रुपये १७ तारखेला पुरवठादाराच्या खात्यात भरले आणि उरलेले दिवाळीला देतो असा निरोप धाडला. नोटिशीने मागितलेली पूर्ण रक्कम मुदतीत न दिल्यास अर्धवट भरण्याने तक्रारीचा मार्ग बंद होत नाही. मुदत संपल्यावर तक्रारीसाठी जो एक महिना मिळतो त्यात पुरवठादाराने तक्रार दाखल केली. पुढे ती तडजोडीने मिटली, कारण हा गुन्हा आपसात मिटवता येतो. पण तोवर आबांना तारखांना उभे राहावे लागले, आणि मुलगा आजही बाजारात मला पाहून रस्ता बदलतो. त्याचे म्हणणे असे की माझ्या कागदाने आबा भेदरले आणि म्हणून घाईघाईने पैसे भरून बसले. माझे म्हणणे असे की गुरुजींच्या मायेने नऊ दिवस गेले नसते तर पूर्ण रक्कम उभी राहिली असती, किंवा निदान वकिलांमार्फत लेखी मुदतवाढ मागता आली असती. मी हे स्वतःला अनेकदा पटवले आहे. पटते, तरीही त्याने रस्ता बदलला की दर वेळी नव्याने पटवावे लागते.

नोटीस पाठवणाऱ्यांचा हट्ट याच्या उलट असतो, आणि त्यात धोका त्यांचाच असतो. एका व्यापाऱ्याने मला सांगितले की मराठीत "खोटा चेक देऊन फसवणूक केली" असे घाला आणि व्याज, नोटिशीचा खर्च, सगळे मिळून एकच भरभक्कम आकडा लिहा, म्हणजे समोरचा हादरेल. त्यांच्या इंग्रजी नोटिशीत चेकची रक्कम वेगळी मागितलेली होती आणि व्याज व खर्च स्वतंत्र ओळींवर होते. ते तसे असण्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने सुमन सेठी प्रकरणात २००० साली स्पष्ट केले की नोटिशीत चेकच्या रकमेची मागणी असलीच पाहिजे. इतर रकमा वेगळ्या दाखवून मागितल्या तर नोटीस बाद होत नाही, पण चेकची रक्कम ओळखता न येणारी मोघम मागणी चालत नाही. २०२५ साली कावेरी प्लास्टिक्सच्या प्रकरणात चेक एक कोटीचा होता आणि नोटिशीत दोन कोटी पडले. टंकलेखनाची चूक हे स्पष्टीकरण न्यायालयाने स्वीकारले नाही. मराठीत एकच आकडा ठोकून देणारा भाषांतरकार पत्राला जोर देत नसतो, समोरच्याच्या वकिलाला मुद्दा देत असतो. "फसवणूक" हा तर वेगळाच गुन्हा आहे, आणि तो आरोप मूळ नोटिशीत वकिलांनी केलेला नसेल तर मी कोण करणार?

भाषा तिखट असली तरच नोटीस लागू पडते, ही समजूतही खरी नाही. सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध सॅक्सन्स फार्म्स या १९९९ च्या निकालातली नोटीस चांगली सभ्य शब्दांत होती, आणि नोटिशीचा विशिष्ट नमुना कायद्याने ठरवलेला नाही, मागणी लेखी आणि मुदतीत केलेली असावी, असे म्हणून न्यायालयाने ती ग्राह्य धरली. म्हणून मुळात सभ्यता असेल तर ती मराठीत मी काटेकोरपणे ठेवते. वकिलांनी "कृपया" म्हटले असेल तर ते माझ्या कागदावरही येते, आणि तेव्हा पाठवणारा अशील चिडतो.

मराठीतून इंग्रजीत नेताना माझी अडचण निराळी असते. आपल्याकडच्या नोटिशींत घरोब्याचे संबंध, विश्वासाने दिलेले हातउसने पैसे, वेळोवेळी केलेल्या विनवण्या असा लांब मजकूर असतो, आणि इंग्रजी वाचणारे वकील तो गाळायला सांगतात. गाळल्यावर उरलेली मागणी मुळापेक्षा कडक वाटते, म्हणून मी गाळत नाही. लांबण लावली म्हणून मी बोलणी खाल्ली आहेत.

एका बाबतीत मात्र माझे अजून ठरत नाही. इंग्रजीत समोरच्याला एकाच सर्वनामाने संबोधता येते. मराठीत मला निवडावेच लागते. "तू" चा प्रश्नच नाही. "आपण" लिहिले तर काही वाचकांना ते आदरातिथ्य वाटते आणि मागणीची कड बोथट होते. "तुम्ही" लिहिले तर आबांच्या पिढीतल्या माणसाला, परक्या वकिलाने एकदम बरोबरीने बोलल्यासारखे, ते टोचते. जुने वकील दोन्ही लिहितात, कधी एकाच नोटिशीत. मी आबांच्या कागदावर "तुम्ही" लिहिले होते, आणि मुलाच्या तक्रारींपैकी ही एकच अशी आहे की जिला मी आजवर उत्तर दिलेले नाही. अलीकडे संस्थेच्या नावे जाणाऱ्या नोटिशीत "आपण" आणि व्यक्तीच्या नावे जाणाऱ्या नोटिशीत "तुम्ही" असे ठेवून पाहते आहे. पण भागीदारी पेढीची नोटीस आली की तीही विभागणी कोलमडते, कारण ती पेढीच्या नावाने असते आणि खाली भागीदारांची नावे एकेक करून लिहिलेली असतात.