टपालानं परत गेलेलं ग्रीन कार्ड

"काका, लोक ग्रीन कार्डासाठी उभा जन्म घालवतात आणि तुम्ही ते पोस्टानं परत पाठवून दिलंत? मुलाशी काही बिनसलं का?"

नाही हो. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, नात स्क्रीनला नाक लावून बोलते, आणि सूनबाईंचं माझ्यापेक्षा हिच्याशी जास्त जमतं. कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि साताऱ्यात स्थिरावलो. मुलगा न्यू जर्सीत, एडिसनला. तो तिथला नागरिक झाला आणि लगेच आमच्यासाठी अर्ज करून मोकळा झाला. नागरिक मुलानं आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला भावाबहिणींसारखी वर्षानुवर्षांची रांग नसते, त्यामुळे आम्ही फारसा विचार करायच्या आतच मुंबईत वैद्यकीय तपासणी, मुलाखत वगैरे उरकलंही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आम्ही दोघं नेवार्कला उतरलो ते तिथले कायमचे रहिवासी म्हणून.

बेत साधा होता. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ज्याचा मुलगा बाहेर आहे त्या प्रत्येक घरात हे वाक्य ऐकायला मिळतं. पण ग्रीन कार्ड म्हणजे हवं तेव्हा ये-जा करायचा पास नव्हे. ते तुम्ही अमेरिकेत राहता या अटीवर दिलेलं असतं. सहा महिन्यांच्या आत एकदा तिकडे पाय लावून आलं की कार्ड सुरक्षित, अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं काही नाही. विमानतळावरचा अधिकारी महिने मोजतो, पण त्याहून जास्त तो हे बघतो की तुमचं घर कुठे आहे. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर आधी परतीचा परवाना काढावा लागतो. तो बहुतेकांना दोन वर्षांचा मिळतो. मात्र त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा आणि बोटांचे ठसे द्यायला बोलावतील तेव्हा हजर व्हायचं. म्हणजे साताऱ्यात बसून आठवण झाली तर उपयोग नाही.

आता आमचं घर कुठे होतं? निवृत्तिवेतन साताऱ्याच्या बँकेत. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी बँकेच्या यादीवर सही. आमचे डॉक्टर इथले, हिची भिशी इथली. एडिसनमध्ये आम्हाला त्रास होता असं मुळीच नाही. ओक ट्री रोडवर गवारीपासून गूळपोळीपर्यंत सगळं मिळतं. पण गाडी चालवता येत नसेल तर तिथे म्हातारा माणूस मुलाच्या वेळापत्रकावर जगतो. थंडीत तर आम्ही मॉलमध्ये फेऱ्या मारून येत असू, त्यालाच फिरायला जाणं म्हणायचं.

मार्च २०२० मध्ये आम्ही साताऱ्यात होतो. मे महिन्यात परतायचं होतं, तर नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानंच बंद झाली. वर्षाची मुदत जवळ येत गेली तसा मुलगा रोज काळजीनं फोन करायचा, "बाबा, खास विमानात जागा बघतोय." शेवटी मुदतीच्या आत पोचलो. नेवार्कच्या अधिकाऱ्यानं विचारलं, "इतके दिवस कुठे होता?" महामारी म्हटल्यावर त्यानं सोडलं, पण जाता जाता म्हणाला की तुम्हाला इथे राहायचं नसेल तर व्हिसावर या. मला ते बोलणं टोचलं नाही. उलट खात्यात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला त्यात नियमाची स्पष्टता दिसली. मी राहतो एकीकडे आणि कागदावर रहिवासी दुसरीकडचा, ही खोटी स्थिती होती.

त्यानंतर मी सगळा हिशोब मांडून बसलो. सर्वात आधी दवाखाना. पासष्ट वर्षांपुढच्यांना सरकारी विमा म्हणजे मेडिकेअर मिळतो हे खरं. पण तिथे कधी नोकरीच केली नसेल तर सलग पाच वर्षं तिथे राहिल्यावरच तो विकत घेता येतो, आणि हॉस्पिटलच्या भागाचाही हप्ता भरावा लागतो. आमच्या ये-जा करण्यात सलग पाच वर्षं कुठून येणार? शिवाय तो विमा भारतात चालत नाही, आणि हिचे गुडघे बदलायचे तर ते साताऱ्या-पुण्यातच, हे तिनं केव्हाच ठरवलं होतं.

दुसरी गोष्ट कराची. ही कोणी आधी सांगत नाही. कार्ड हातात आहे तोवर अमेरिका तुम्हाला तिथला करदाता धरते आणि जगभरातलं उत्पन्न विचारते. माझी बँकेतली ठेव, पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना, सगळ्याचं व्याज तिथल्या विवरणपत्रात. इथे भरलेल्या कराची वजावट मिळते, पण कागदपत्रं चुकत नाहीत. त्याखेरीज परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तरी प्रत्येक खात्याची माहिती वेगळ्या अर्जात कळवायची. दहा हजार डॉलर म्हणजे तेव्हाचे आठ-सव्वाआठ लाख. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतर तेवढे असतातच.

आणि यातली मेख अशी की कार्डाची मुदत संपली किंवा तुम्ही जाणं सोडून दिलं, म्हणून हे बंधन आपोआप सुटत नाही. अनेक जण कार्ड कपाटात ठेवतात आणि विसरतात. विमानतळावर त्याचा उपयोग उरत नाही, पण करखात्याच्या लेखी माणूस रहिवासीच राहतो, जोवर तो लेखी सोडचिठ्ठी देत नाही. म्हणजे हक्क गेलेला आणि जबाबदारी शिल्लक.

मुलाच्या हिशोबनिसानं आणखी एक तारीख दाखवली. गेल्या पंधरा करवर्षांपैकी आठ वर्षांत कार्ड असेल तर ते सोडताना वेगळे, कडक नियम लागू होतात. मालमत्तेचं विवरण द्यावं लागतं आणि श्रीमंत माणसाला तर निघतानाचा करही बसू शकतो. माझ्यासारख्याला कर बसला नसता, पण ते विवरण कोण भरत बसणार? गंमत म्हणजे वर्षातला एक दिवस असला तरी ते अख्खं वर्ष मोजतात. आम्ही नोव्हेंबरमध्ये उतरलो, तरी २०१७ धरायचंच. तिथून मोजलं तर २०२३ हे सातवं. १ जानेवारी २०२४ ला कार्ड हातात असतं तर आठवं लागलं असतं. म्हणून २०२३ च्या दिवाळीआधी काम उरकायचं ठरवलं.

मुलाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, उद्या काही झालं तर?" त्याचा प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, काही झालं तर तू येशील किंवा आम्ही येऊ, पण त्यासाठी रहिवासी असावं लागत नाही. खरं तर कार्ड असताना आम्ही मुलाकडे जायचो ते तारखा सांभाळायला. नातीला सुट्टी नसली, तिथे बर्फ असला, तरी जायचंच. पाहुणा म्हणून गेलो असतो तर आंब्यांच्या दिवसानंतर, तिच्या उन्हाळी सुट्टीत गेलो असतो. हे त्याला पटलं.

आता प्रत्यक्ष काम. फॉर्मचं नाव I-407. दोन पानी, शुल्क काही नाही. नाव, जन्मतारीख, कार्डावरचा ए-नंबर, अमेरिकेतून शेवटचं निघाल्याची तारीख, इथला पत्ता आणि कार्ड सोडण्याचं कारण. मी कारणात एकच ओळ लिहिली, की मी कायमचा भारतात राहतो. नवराबायकोचे फॉर्म वेगवेगळे. पूर्वी हे मुंबईच्या वकिलातीत देता यायचं, पण २०१९ पासून ते अपवादानंच घेतात. फॉर्म आणि मूळ कार्ड अमेरिकेच्या नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या व्हरमाँट राज्यातल्या कार्यालयात पाठवायचं. पत्ता बदलू शकतो, म्हणून पाठवायच्या दिवशी uscis.gov वर बघूनच लिहावा. कार्डाच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स काढल्या आणि पाकीट रजिस्टर पोस्टानं टाकलं. पावती मी अजून जपून ठेवली आहे, कारण कराच्या दृष्टीनं ती तारीख महत्त्वाची. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे, काका?" म्हटलं, कागदपत्रं. खोटं नव्हतं. काही महिन्यांनी शिक्का मारलेली प्रत घरी आली. ती नसेल तर पुढे व्हिसाच्या वेळी पंचाईत होते.

एक सांगून ठेवतो. हाच फॉर्म कधी विमानतळावर अधिकारी थकल्याभागल्या म्हाताऱ्यांपुढे ठेवतात. त्यावर सही करायची सक्ती नाही. नको असेल तर न्यायाधीशापुढे सुनावणी मागण्याचा हक्क आहे, आणि सही केली की तोच हक्क तुम्ही सोडता. मनापासून करायची असेल तर घरी, चष्मा लावून, वाचून करावी.

त्या वर्षाचं शेवटचं विवरणपत्र थोडं किचकट असतं, कारण अर्धं वर्ष रहिवासी आणि अर्धं परका. ते हिशोबनिसावर सोपवलं. मग पाहुण्यांचा बी-२ व्हिसा. मुंबईत मुलाखतीची तारीख मिळायला कित्येक महिने लागले, तेवढी तयारी ठेवावी. अर्जात पूर्वी कायमचे रहिवासी होतात का, असा सरळ प्रश्न आहे, तिथे हो लिहायचं. बांद्रा-कुर्ला संकुलात काचेपलीकडच्या मुलीनं विचारलं, "कार्ड का सोडलंत?" मी शिक्क्याची प्रत सरकवली आणि म्हटलं, राहतो साताऱ्यात म्हणून. साधारणपणे तुम्ही तिथे राहून जाणार नाही हे तुम्हाला पटवून द्यावं लागतं. मी तर मिळालेलंच परत केलं होतं. व्हिसा झाला. पुढच्या जूनमध्ये आम्ही गेलो, नातीची सुट्टी संपेपर्यंत राहिलो आणि गणपतीला घरी आलो. प्रवासी विमा मात्र घेतला होता, आणि त्यात जुने आजार धरत नाहीत हे वाचूनच घेतला होता.

पण हे ऐकून कोणी उद्या पाकीट टाकू नका. कऱ्हाडच्या माझ्या एका मित्रानं फॉर्म मागितला तेव्हा मी त्याला आधी थांबवलं. पत्नी गेल्यापासून तो एकटा असतो, मुलगी टेक्सासमध्ये, आणि तिथे तो खरोखरच वर्षातला बराच काळ काढतो. सोडलेलं कार्ड मागून परत मिळत नाही. मुलीला पहिल्यापासून नवा अर्ज करावा लागेल, पुन्हा तपासणी, पुन्हा मुलाखत, आणि तोवर त्याचं वय आणखी पुढे गेलेलं असेल. त्याला म्हटलं, तुझं राहणं कुठे आहे ते आधी बघ. त्यानं या वर्षी तिकडे असतानाच परतीच्या परवान्याचा अर्ज केला आहे, आणि ठशांची तारीख येईपर्यंत तो तिथेच थांबला आहे.