सत्तावीस ग्रॅमचा ट्रे

महाद्वार रोडवरच्या एका दुकानाची ऑर्डर होती. चाळीस डबे, प्रत्येकात सहा चॉकोचिप कुकीज, म्हणजे एकूण दोनशे चाळीस. डब्यावर निव्वळ वजन १२० ग्रॅम छापून आलं होतं, त्यामुळे डबा त्याखाली गेलेला चालणार नव्हता.

राजारामपुरीत आमची छोटी बेकरी आहे. सकाळी सगळं साहित्य मोजून घेतलं तर ५८४० ग्रॅम भरलं. पण नगांचा हिशेब मी साहित्याच्या वजनावर कधीच धरत नाही. भांड्याला, फेटणीला पीठ चिकटतं. खरवडून काढल्यावर काट्यावर ५७६० ग्रॅम आलं. २४ ग्रॅमचा एक नग धरला तर बरोबर दोनशे चाळीस. जादा एकही नाही. तिथंच मी थोडं जास्त पीठ मळायला हवं होतं.

आदल्या दिवशी २४ ग्रॅमचा एकच गोळा भाजून पाहिला होता. भाजल्यावर तो ७ सेंटिमीटर रुंद झाला आणि साडेएकवीस ग्रॅम भरला. ट्रेमधली जागा मी या भाजलेल्या मापावरूनच ठरवतो. दोन कुकीजमध्ये २ सेंटिमीटर मोकळे राहायचे असतील, तर एका गोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ९ सेंटिमीटर लागतात. आमचा ट्रे ४० बाय ६०चा. आडव्या चार, उभ्या सहा, म्हणजे चोवीस, आणि दहा ट्रेमध्ये ऑर्डर पूर्ण.

कामाला नवीन लागलेली पोरगी गोळे काढत होती. कच्चा गोळा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे ट्रे रिकामाच दिसतो. "दादा, आडवा अजून एक बसतोय की!" ती म्हणाली. मी टेप लावून दाखवला. पाच बसवायचे तर मधली चार अंतरं छत्तीस आणि कडेच्या कुकीचे सात, म्हणजे त्रेचाळीस. ट्रे चाळीसचा. तिला ते लगेच पटलं. मी निर्धास्त होऊन पहिला ट्रे भट्टीत सरकवला आणि दुकानाच्या फोनवर गेलो.

चौदा मिनिटांनी ट्रे बाहेर काढला. कडा तांबूस झालेल्या, पण मधला भाग अजून फिकट आणि ओलसर. दोन मिनिटं परत ठेवला. थंड झाल्यावर सवयीनं दोन कुकीजमध्ये तर्जनी घातली. एरवी सहज जाते, आज दोन्हीकडं घासली. त्या पसरल्या होत्या जास्त, म्हणजे गोळाच मोठा असणार.

तोवर तिचे आणखी तीन ट्रे भरून झाले होते. त्यातले दहा गोळे एकदम काट्यावर ठेवले. २७० ग्रॅम! एकेक गोळा तपासून अशी चूक नीट कळत नाही, कारण आमचा काटा ग्रॅमाखालचं दाखवत नाही आणि एखाद्यात चिप्स जास्त आल्या तरी वजन हलतं. दहा एकत्र ठेवले की सरासरी समोर येते.

"स्कूप तर भरूनच घेतलाय की ओ," ती रडवेली झाली. भरूनच घेतला होता, पण तो भांड्याच्या काठावर निरपून सपाट करायचा असतो हे मी तिला सांगितलंच नव्हतं. वर राहिलेला छोटा उंचवटा तीन ग्रॅमचा होता.

आता हिशेब असा होता. पहिल्या ट्रेमध्ये ६४८ ग्रॅम गेले, उरले ५११२, आणि काढायचे होते दोनशे सोळा नग. नगाला साडेतेवीसपेक्षा किंचित जास्त. भाजल्यावर साधारण एकवीस ग्रॅम, सहांचा डबा १२६चा. चालण्यासारखं होतं. पण चारही ट्रे भट्टीत गेले असते तर उरलेल्या नगांना फक्त २२ ग्रॅम आले असते, आणि डबा ११८वर उतरला असता. छापलेल्या वजनाखाली! तसे चोवीस डबे निघाले असते. ते मी दुकानात देऊच शकलो नसतो.

तीन ट्रेमधले बहात्तर गोळे आम्ही दोघांनी चिमटून कमी केले. पुन्हा मळले नाहीत, कारण जास्त हाताळलं की कुकी कडक होते. निघालेलं पीठ परत भांड्यात टाकलं. पुढचा प्रत्येक स्कूप तिनं काठावर निरपला, चिमूटभर काढून घेतलं आणि दर ट्रेला दहा गोळे काट्यावर ठेवून २३५ आहेत का ते पाहिलं.

पहिल्या ट्रेच्या चोवीस मोठ्या कुकीज आम्ही इतरांत मिसळल्या नाहीत. त्यांचे चार डबे वेगळे भरले, म्हणजे एका डब्यात लहानमोठं दिसलं नाही. ते डबे १४५ ग्रॅमचे झाले. दुकानदाराला ते कोणते, हे सांगूनच दिले.

संध्याकाळी भांड्यात ३६ ग्रॅम पीठ उरलं होतं.