दोन पेगनंतर ट्रकचे दिवे दोन-दोन का दिसतात?

“महूहून रात्री इंदूरला येताना, दोन पेग झाले की समोरचे दिवे दोन-दोन दिसतात. चष्म्याचा नंबर तर परवाच तपासला, बरोबर आहे. मग असं का?”

यात नंबराचा दोष नाही. नंबर तपासताना तक्ता स्थिर असतो, अक्षरं ठळक काळी असतात आणि खोलीत उजेड पुरेसा असतो. थोडं मद्य पोटात असतानाही माणूस खालची ओळ वाचू शकतो. बिघडतं ते दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम.

प्रत्येक डोळा सहा स्नायू वळवतात. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत थोडा लपलेला तिरळेपणा असतो आणि मेंदू तो दिवसभर सावरून धरतो. मद्याने ही पकड सैल होते. लांब बघताना डोळे जरा नाकाकडे झुकतात आणि ट्रकचा एक दिवा शेजारी-शेजारी दोन दिसतो. खात्री करायची असेल तर गाडी थांबवून, बाजूला बसून एक डोळा झाका. दुसरा दिवा नाहीसा झाला, तर प्रश्न जुळणीचा आहे. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील, तर कारण त्या डोळ्यातच आहे आणि ते तपासून घ्यायला हवं.

पण मला जास्त काळजी वाटते ती हाय बीमची. झगमगाट पडला की डोळ्याच्या आतल्या पडद्यातलं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य फिकं पडतं आणि ते परत भरेपर्यंत समोर काळोखी येते. मद्याने ही काळोखी लांबते. समजा, एरवी तीन सेकंद लागतात आणि आता पाच लागले. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे जास्तीचे ३४ मीटर तुम्ही न बघताच कापता. राऊजवळ बिनदिव्याची ट्रॉली तेवढ्यात पुढ्यात येते. रात्रीचा पिवळा चष्मा यावर उपाय नाही. तो उजेड थोडा अडवतो, पण पडद्याचा वेग वाढवत नाही.

आता हिशोब. ६० मिलीचे दोन पेग म्हणजे सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क. ७० किलोच्या पुरुषाच्या १०० मिली रक्तात तो साधारण ८० मिलिग्रॅमपर्यंत चढतो आणि ताशी १५च्या आसपास उतरतो. कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे तिथपर्यंत यायला तीन-साडेतीन तास, पूर्ण उतरायला पाचांहून जास्त. बाईमाणसाला किंवा वजन कमी असलेल्याला आणखी. कॉफीने झोप उडते, रक्तातला आकडा तसाच राहतो.

सकाळीही दोन दिसत असतील, तर उतरायची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि कुठलीतरी उघडी दारू प्यायल्यानंतर १२ ते २४ तासांनी बर्फ पडल्यासारखं पांढरं, धुरकट दिसायला लागलं तर ते मिथेनॉल असू शकतं. तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. तिथे दारू कुठली आणि किती वाजता प्यायली हे आधी सांगा, उपचार ठरवायला ते लागतं.